एक घनता, दोन टक्के: सिरी आणि ब्रोझेक यांच्या सूत्रांमागची गोष्ट

पाण्याच्या टाकीत एक खुर्ची टांगलेली असते. माणूस तिच्यावर बसतो, फुप्फुसातली हवा शक्य तेवढी बाहेर सोडतो आणि डोकं पाण्याखाली घेतो. वरच्या काट्यावरचा आकडा स्थिर होईपर्यंत त्याने तसंच बसायचं. हवेत ७० किलो भरणारा माणूस पाण्यात समजा ३ किलोच भरला. म्हणजे ६७ किलो पाणी त्याने बाजूला सारलं. पाणी ३४ अंश सेल्सियसला असेल तर त्याची घनता ०.९९४४ असते, म्हणून आकारमान ६७.३८ लिटर येतं. त्यातून फुप्फुसात उरलेली हवा (समजा १.३ लिटर) आणि आतड्यांतला वायू (सरसकट ०.१ लिटर धरतात) वजा केला की ६५.९८ लिटर उरतात. ७० ला ६५.९८ ने भागलं की शरीराची घनता १.०६१ येते.

इथपर्यंत मोजमाप आहे. यापुढे गृहीतक सुरू होतं, कारण घनतेवरून चरबीचा टक्का काढायचा तर चरबी सोडून उरलेल्या शरीराची घनता किती, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी दोन सूत्रं चालतात:

सिरी: चरबी % = (४९५ ÷ घनता) − ४५०
ब्रोझेक: चरबी % = (४५७ ÷ घनता) − ४१४.२

वरच्या माणसाला दोन्ही सूत्रं १६.५ टक्केच देतात. मग भांडण कशाचं? ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

शरीराच्या घनतेकडे गांभीर्याने पाहणारा माणूस अमेरिकी नौदलाचा डॉक्टर होता, आल्बर्ट बेन्के. पाणबुड्यांतले आणि खोल पाण्यात उतरणारे लोक हा त्याचा विषय. चरबीत नायट्रोजन जास्त विरघळतो, त्यामुळे वर येताना कुणाला त्रास होईल याचा चरबीशी संबंध होता. १९४२ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २५ व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळाडूंना तपासलं. उंची-वजनाच्या तक्त्यांप्रमाणे त्यांतले १७ जण लष्करी सेवेला अयोग्य ठरत होते, इतके ते 'जाड' होते. घनता मात्र सांगत होती की हे वजन चरबीचं नाही, स्नायूंचं आहे. तक्त्यापेक्षा टाकी शहाणी ठरली. पुढे हीच टाकी खेळाडूंच्याच बाबतीत अडखळली, हा या कथेतला गमतीचा भाग.

चरबीची घनता सुमारे ०.९०, पाण्याहून हलकी. उरलेल्या शरीरात पाणी, प्रथिनं आणि हाडांतली खनिजं असतात. त्यांची एकत्रित घनता कुठून आणायची? एक वाट प्राण्यांची होती: १९४५ मध्ये गिनीपिगांची घनता आणि त्यांच्यातली चरबी यांचा संबंध तपासला गेला. दुसरी वाट मृतदेहांच्या रासायनिक विश्लेषणाची, आणि तिच्यात उमेदवार फार थोडे. ज्या आकड्यांवर पुढे सगळं उभं राहिलं, ते प्रामुख्याने तीन पुरुषांच्या देहांवरून आले: वयं २५, ३५ आणि ४६, तिघेही गोरे. त्यावरून चरबीविरहित शरीराचं चित्र बनलं: ७३.८ टक्के पाणी, १९.४ टक्के प्रथिनं, ६.८ टक्के खनिजं. या मिश्रणाची घनता येते १.१००.

विल्यम सिरी बर्कलीच्या डोनर प्रयोगशाळेत जैवभौतिकशास्त्रज्ञ होता. गिर्यारोहकही होता, १९५४ ची कॅलिफोर्नियाची मकालू मोहीम त्याच्याच नेतृत्वाखाली गेली. १९५६ मध्ये त्याने सूत्र अंतर्गत अहवालात मांडलं, १९६१ मध्ये ते छापून आलं. विचार साधा आहे: शरीर म्हणजे दोन पिशव्या, एकीत ०.९०० घनतेची चरबी, दुसरीत १.१०० घनतेचं बाकी सगळं. दोन्हींची आकारमानं मिळवून समीकरण सोडवलं की ४९५ आणि ४५० हे आकडे आपोआप पडतात. त्यांत प्रयोगातून आलेलं नवं काही नाही, निव्वळ बीजगणित. सिरीला हे पूर्ण ठाऊक होतं. माणसागणिक पाणी, प्रथिनं आणि खनिजं बदलतात, त्यामुळे अचूक मोजलेल्या घनतेवरूनही एखाद्याच्या चरबीच्या टक्क्यात सुमारे ४ टक्क्यांची चूक संभवते, असा हिशेब त्यानेच दिला होता. सूत्र जगभर गेलं, इशारा मागे राहिला.

जोसेफ ब्रोझेक मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीजबरोबर काम करत होता. १९४४-४५ चा तिथला उपासमारीचा प्रयोग त्यांचाच. युद्धात लढायला नकार देणाऱ्या ३६ तरुणांनी महिनोन्महिने अर्धपोटी राहून स्वतःला मोजू दिलं. उपाशी माणसाच्या अंगात वजनाच्या मानाने पाणी वाढतं, हे या लोकांनी रोज पाहिलं होतं. 'चरबीविरहित शरीर नेहमी एकसारखं' यावर डोळे मिटून विश्वास ठेवणं त्यांना सोपं नव्हतं. म्हणून ब्रोझेक आणि सहकाऱ्यांनी १९६३ च्या सूत्रात दोन टोकांऐवजी एक प्रमाण-माणूस मधोमध ठेवला: घनता १.०६४, चरबी १५.३ टक्के. त्याच्यापासून प्रत्येकाचं अंतर मोजायचं.

त्यामुळे ब्रोझेकची रेषा सिरीपेक्षा किंचित कमी तिरपी आहे. दोन्ही रेषा १.०६१५ च्या आसपास एकमेकींना छेदतात, म्हणून आपल्या पहिल्या माणसाला एकच उत्तर मिळालं. मधल्या माणसांसाठी सूत्र कुठलं हा प्रश्नच उद्भवत नाही. उद्भवतो तो टोकांना. घनता १.०२० असली तर सिरी ३५.३ टक्के म्हणतो, ब्रोझेक ३३.८. घनता १.०९० असली तर सिरी ४.१ आणि ब्रोझेक ५.१. म्हणजे जास्त चरबीच्या माणसाला सिरी अधिक जाड दाखवतो आणि शिडशिडीत माणसाला अधिक सुकट. वयाबरोबर घनता खाली येते, खेळाडूंची वर असते. म्हणून वृद्ध आणि खेळाडू या दोन टोकांनाच ही सूत्रं दुरावतात.

पण हा दीड टक्क्याचा फरक खरी अडचण नाही. खरी अडचण दोघांच्या सामाईक गृहीतकात आहे.

समजा सत्तरीच्या एका आजींच्या हाडांची झीज झाली आहे. चरबीविरहित शरीरातली खनिजं ६.८ वरून ५.८ टक्क्यांवर आली, बाकी प्रमाण तसंच. मिश्रणाची घनता १.१०० वरून सुमारे १.०९२ होते. आजींची चरबी खरोखर ३० टक्के आहे असं धरलं, तर पूर्ण शरीराची घनता १.०२६ येईल. सिरी त्यांना ३२.४ टक्के सांगेल, ब्रोझेक ३१.२. झिजलेलं हाड दोन्ही सूत्रांना चरबीसारखं दिसतं, कारण कमी घनता त्यांना एकाच कारणाने समजते. ब्रोझेक इथे सत्याच्या जवळ दिसतो, पण ती हुशारी नव्हे. ३० टक्के चरबी आणि शाबूत हाडं असलेल्या बाईला तो २९ सांगेल. मुळात कमी दाखवणारा काटा आणि जास्त दाखवायला लावणारं हाड, दोन चुकांनी एकमेकींना सावरलं एवढंच.

खेळाडूंच्या बाबतीत लोकांची समजूत सरळ असते: भारी हाडं, दणकट स्नायू, म्हणून घनता जास्त आणि चरबी कमी दिसणार. ते खरंही घडतं. समजा खनिजभरल्या हाडांच्या एका धावपटूची चरबीविरहित घनता १.११० आहे आणि चरबी ८ टक्के. त्याची एकूण घनता १.०९० होते आणि सिरी त्याला ४.३ टक्के देतो, ब्रोझेक ५.२. घनता १.१०० च्या वर गेली की सिरीचं उत्तर शून्याखाली जातं, ब्रोझेकचं १.१०३ च्या पुढे. उणे चरबीचा माणूस निसर्गात नाही, पण खेळाडू मोजताना असे आकडे आलेले आहेत. तो आकडा दिसला की टाकीत नाही, सूत्रात गडबड आहे हे ओळखावं. त्याआधी उरलेल्या हवेचं मोजमाप तपासावं, हेही खरं.

आता दुसरा खेळाडू. वजनं उचलून स्नायू फुगवलेले पुरुष १९९६ मध्ये मोजले गेले, तेव्हा त्यांच्या चरबीविरहित शरीराची घनता सरासरी १.०८९ निघाली, गृहीतकापेक्षा कमी. कारण स्नायूत पाणी भरपूर असतं. हाडाच्या प्रमाणात स्नायू फार वाढले की एकूण मिश्रण पातळ होतं. अशा १० टक्के चरबीच्या माणसाची घनता १.०६७ येईल. सिरी त्याला १४.१ टक्के देईल, ब्रोझेक १४.३. दोन्ही सूत्रं जवळजवळ एकमतात आहेत, आणि दोन्ही चार टक्क्यांनी चुकतात. बेन्केच्या फुटबॉल खेळाडूंची आठवण इथे येतेच. तेव्हा 'खेळाडूंसाठी हे सूत्र वापरा' असा सरसकट सल्ला मला पटत नाही. धावपटू आणि वजन उचलणारा विरुद्ध दिशांना चुकू शकतात.

हे सगळं टाकीपुरतं नाही. त्वचेची घडी चिमट्याने मोजणाऱ्या डर्निन आणि वोमर्स्ली यांच्या १९७४ च्या तक्त्यातूनही आधी घनता निघते आणि मग ती सिरीच्या सूत्रात जाते. व्यायामशाळेत चिमटा घेऊन चार जागी घडी धरणारा प्रशिक्षक नकळत त्या तीन देहांपर्यंत पोहोचलेला असतो. अहवालात कुठलं सूत्र वापरलं ते पाहणं म्हणून उपयोगाचं: आज सिरी आणि पुढच्या वर्षी ब्रोझेक अशी गल्लत झाली, तर शिडशिडीत खेळाडूची एक टक्का चरबी कागदावरच वाढेल. त्याहून जास्त घोळ हवेचा असतो. फुप्फुसात उरलेली हवा १.३ ऐवजी १.४ लिटर धरली असती तर आपल्या पहिल्या माणसाचा टक्का १६.५ वरून १५.८ वर आला असता.

उपाय सिरीनेच १९६१ मध्ये दिला होता, आणि तो त्याच्या लोकप्रिय सूत्राच्या सावलीत राहिला. शरीरातलं पाणी मोजा, गृहीत धरू नका:

चरबी % = (२.११८ ÷ घनता − ०.७८ × पाण्याचा वाटा − १.३५४) × १००

पाणी मोजायला माणसाला जड पाण्याचा एक घोट देतात, काही तासांनी लघवी किंवा लाळेचा नमुना घेतात आणि ते किती विरळ झालं त्यावरून हिशेब करतात. वजन उचलणाऱ्याच्या अंगात वजनाच्या ६८.४ टक्के पाणी सापडलं, तर हे सूत्र त्याला ९.८ टक्के चरबी देतं. आजींच्या अंगात ५२.२ टक्के पाणी असलं, तर ३०.३ टक्के. खनिजांची झीज त्यातही थोडी शिल्लक राहते. ती काढायला हाडांची क्ष-किरण तपासणी लागते, आणि मग शरीर दोन पिशव्यांचं न राहता चार भागांचं होतं.