फ्यूम हूड ओढत नाही? ब्लोअर बदलण्याआधी प्रयोगशाळेचे दार तपासा

आमच्याकडे येणारे निम्मे फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "हूड ओढत नाही, मोठा ब्लोअर लावून द्या." ब्लोअर बसवणे हेच आमचे काम, तरी या वाक्यावर लगेच कोटेशन देत नाही. हूड म्हणजे रसायनांची वाफ ओढून बाहेर टाकणारे काचेचे कपाट, आणि त्यातून जितकी हवा बाहेर जाते तितकी खोलीत कुठून तरी यावीच लागते. ती येत नसेल तर मोठ्या ब्लोअरने दुखणे वाढते. नवीन प्रयोगशाळा उभारताना किंवा जुनी दुरुस्त करताना तुम्हाला उपयोग व्हावा म्हणून आमचेच एक काम इथे आकड्यांसह सांगत आहोत.

अंबरनाथ एमआयडीसीतली औषधी कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्याची प्रयोगशाळा. खोली 30 बाय 20 फूट, फॉल्स सीलिंग 10 फुटांवर. सहा फुटी चार हूड, छतावर एक सामाईक ब्लोअर. तक्रार अशी की दाराजवळच्या हूडवर काम करणाऱ्या मुलींना सॉल्व्हंटचा वास येतो आणि दुपारनंतर डोके धरते.

काचेच्या तोंडाशी काय मोजतो

हूडची काच, म्हणजे सॅश, कामाच्या उंचीला 18 इंच उघडी असते. त्या उघड्या तोंडातून हवा ज्या वेगाने आत शिरते तो फेस व्हेलॉसिटी. साधारण 80 ते 100 एफपीएम, म्हणजे मिनिटाला 80 ते 100 फूट, एवढा वेग बहुतेक कामांना पुरतो. एका ठिकाणी मीटर धरून आकडा सांगणे चुकीचे. तोंडाचे फूटभराचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात मोजायचे. सरासरी तर हवीच, पण कुठलाही चौकोन सरासरीपेक्षा 20 टक्क्यांहून जास्त खाली-वर नसावा.

"मग 150 ठेवा, जास्त सुरक्षित," असे बरेच जण सुचवतात. तसे होत नाही. हूडसमोर माणूस उभा असतो. हवा त्याच्या दोन्ही बाजूंनी वळून आत जाते आणि त्याच्या छातीसमोर भोवरा तयार होतो. वेग जितका जास्त तितका तो भोवरा जोरकस, आणि आतली वाफ तोच नाकाकडे आणतो. स्मोक स्टिकचा धूर सोडला की हे डोळ्यांनी दिसते: 100 ला धूर सरळ मागच्या बॅफलकडे सरकतो, 150 च्या पुढे छातीजवळ गोल फिरायला लागतो. म्हणून फक्त वेगाच्या आकड्यावर आम्ही हूड पास करत नाही. महत्त्वाच्या ठिकाणी एएसएचआरएई 110 ची चाचणी करून घ्या असे सांगतो. तीत हूडच्या आत मिनिटाला चार लिटर ट्रेसर वायू सोडतात आणि समोर उभ्या केलेल्या पुतळ्याच्या नाकाशी तो किती पोचला ते मोजतात. जागेवर बसवलेल्या हूडसाठी 0.1 पीपीएम ही नेहमीची मर्यादा.

दुसरा शत्रू खोलीतला वारा. माणूस सहज चालतो तेव्हाही त्याचा वेग अडीचशे एफपीएमच्या आसपास असतो, म्हणजे हूडच्या ओढीच्या अडीचपट. म्हणून हूड ये-जा करायच्या वाटेवर नको, दाराशेजारी तर मुळीच नको. हूडच्या तोंडावर सोडलेला स्प्लिट एसीचा झोत किंवा डोक्यावरचा पंखा चांगला हूडही निकामी करतो.

अंबरनाथला काय सापडले

या हूडचे उघडे तोंड पाच फूट बाय दीड फूट, म्हणजे साडेसात चौरस फूट. 100 एफपीएमने एका हूडला 750 सीएफएम, म्हणजे मिनिटाला 750 घनफूट हवा, चारांना 3000. ब्लोअर त्याच हिशेबाचा होता आणि ठीक होता. दार बंद ठेवून मोजले तर चारही हूडची सरासरी 80 आली. दार पूर्ण उघडून पुन्हा मोजले: 95. बिघाड ब्लोअरमध्ये असता तर दाराने एवढा फरक पडला नसता. ही तपासणी तुम्ही स्वतः पाच मिनिटांत करू शकता.

मग एएचयूची, म्हणजे बाहेरची हवा थंड करून खोलीत सोडणाऱ्या यंत्राची, ताजी हवा मोजली. ती भरली 1200 सीएफएम. बंद दारात हूड 2400 उपसत होते. उरलेली 1200 सीएफएम हवा फॉल्स सीलिंगच्या फटी, खिडकीच्या चौकटी आणि दाराखालून ओढली जात होती. सिंकखालचा एक ट्रॅप कोरडा पडला होता, तिथून गटाराचा वासही येत होता. दाराच्या आत-बाहेर नळी लावून मॅनोमीटर धरला: पाण्याचा 10 मिलिमीटर, म्हणजे 100 पास्कल. आकडा लहान वाटतो, पण तीन बाय सात फुटांच्या दारावर हा दाब पडला की मुठीशी दहा किलोच्या आसपास ओढ लागते. लॅबच्या मॅडम दार उघडताना चौकटीला पाय लावत होत्या आणि त्यांना ती सवयच झाली होती.

वासाचे कारणही तिथेच सापडले. इतक्या दाबफरकाने दार किंचित किलकिले होताच फटीतून हवा सेकंदाला जवळपास 13 मीटर वेगाने आत घुसते. तो झोत थेट पहिल्या हूडच्या तोंडावरून जात होता. आम्ही हूडमध्ये धूर सोडून एकाला दार उघडायला सांगितले. धुराचा लोट काचेखालून बाहेर आला आणि समोरच्या टेबलावर पसरला. कुणी चहाला गेले तरी प्रत्येक वेळी हेच होत होते. इथे मोठा ब्लोअर बसवला असता तर दार आणखी जड झाले असते आणि झोत आणखी जोराचा.

भरपाईची हवा, आणि तिचा खर्च

साधा उपाय म्हणजे बाहेर जाते त्यापेक्षा थोडी कमी, पण जवळपास तितकीच ताजी हवा आत द्यायची. खोली किंचित ऋण दाबात राहिली पाहिजे, म्हणजे वास पॅसेजमध्ये जात नाही. 3000 उपसताना 2750 द्यायची, 250 दाराखालून येऊ द्यायची. ऑफिससाठी थंड केलेली हवा पॅसेजमधून लॅबकडे आणता आली तर उत्तमच. उलट दिशेने कधीही नाही. हूडची हवा गाळून परत एएचयूत घेणेही नाही. खोलीत स्प्लिट एसी वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण तो आतलीच हवा फिरवतो.

अडचण खर्चाची. मुंबई-ठाणे पट्ट्यातली मे महिन्याची दमट हवा 24 अंशांवर आणायला दर हजार सीएफएमला सुमारे सहा टन एसी लागतो. अंबरनाथला 1550 सीएफएम वाढवायची तर नऊ टनांहून जास्त, आणि दिवसभर चालवायचे वीजबिल वेगळे. इथे व्हेरिएबल व्हॉल्यूम, म्हणजे व्हीएव्ही, कामाला येते.

काच खाली केली की तोंड लहान होते आणि तोच वेग राखायला कमी हवा पुरते. काचेची उंची सेन्सर वाचतो, डक्टमधला व्हॉल्व्ह त्यानुसार वळतो. काच वर केल्यावर तीन ते पाच सेकंदांत पूर्ण प्रवाह मिळाला पाहिजे, त्याहून संथ यंत्रणा घेऊ नका. काच पूर्ण बंद असतानाही हवा शून्यावर आणायची नाही, कारण आत बाटल्या उघड्या असतात. एएनएसआय झेड9.5 या प्रयोगशाळेच्या हवेबद्दलच्या अमेरिकी मानकात हूडच्या आतल्या आकारमानाच्या हिशेबाने तासाला 150 ते 375 वेळा हवा बदलण्याचा पल्ला दिला आहे. या हूडचे आतले आकारमान 40 घनफूट. आम्ही वरचा आकडा धरला: 250 सीएफएम. चारही काचा बंद असताना 1000 सीएफएम उपसा राहतो आणि खोलीची हवा तासाला दहा वेळा बदलते.

तिथे आठवडाभर नोंद ठेवली. एका वेळी दोनच काचा उघड्या असत, क्वचित तीन. म्हणून पुरवठा तीन उघड्या काचांसाठी ठरवला: तीनांचे 2250 आणि बंद हूडचे 250, एकूण 2500 उपसा. त्यातून 250 वजा करून पुरवठा 2250. जास्तीचा एसी साडेसहा टनांच्या आत बसला. उपसण्याची क्षमता मात्र पूर्ण 3000 च ठेवली. काटकसर पुरवठ्यात चालते, उपसण्यात नाही. चौथी काच उघडली तर हूड पुरेसे ओढतो, पण दार जड होते आणि अलार्म वाजतो. कुणाला तरी काच खाली करावी लागते.

पुरवठ्याचा डॅम्पर खोलीच्या दाबावर चालवावा, असे काही जण सुचवतात. आम्ही टाळतो. दार उघडले की दाब शून्य होतो आणि कंट्रोलर गोंधळून पुरवठा कमी-जास्त करत बसतो. आम्ही चारही हूडच्या प्रवाहाची बेरीज करून पुरवठा नेहमी तिच्यापेक्षा 250 कमी ठेवतो. चालू करताना आधी उपसा, मग पुरवठा. बंद करताना उलट. ताजी हवा सोडायला चौफेर फेकणारे डिफ्यूझर न वापरता सच्छिद्र पत्र्याचे, मोठ्या क्षेत्राचे डिफ्यूझर हूडपासून लांब लावले.

काम झाल्यावर दाराचा दाब साडेचार पास्कलच्या आसपास आला. दार दोन बोटांनी उघडते. धुराची चाचणी पुन्हा केली, लोट बाहेर आला नाही. दाराशेजारचा हूड हलवता आला नाही, पण दाराची बिजागरी उलट करून येणाऱ्यांची वाट लांब नेली.

चिमणीबद्दल थोडे

छतावर चिमणीतून हवा साधारण 3000 एफपीएमने सरळ वर जावी, आणि चिमणी छतापासून किमान दहा फूट उंच असावी. इथे 3000 सीएफएमला एक चौरस फूट तोंड बरोबर होते. व्हीएव्हीमुळे रात्री उपसा 1000 वर आला की वेग 1000 एफपीएमवर घसरतो आणि वास छतावरच रेंगाळून ताज्या हवेच्या जाळीत शिरू शकतो. म्हणून ब्लोअरच्या आधी बायपास डॅम्पर ठेवून बाहेरची हवा मिसळतो. त्यामुळे ब्लोअरची वीज फारशी वाचत नाही. बचत एसीची आहे, हे आधीच सांगतो. चिमणीवर पावसाची टोपी लावू नका, ती हवा खाली वळवते. इतक्या वेगात पावसाचा थेंब आत येत नाही. बंद काळातल्या पाण्यासाठी तळाला निचऱ्याचे भोक पुरते.

व्हीएव्ही कुठे नको

एक-दोनच हूड असतील किंवा हूडवर दिवसभर सलग काम चालत असेल तर स्थिर प्रवाहच घ्या. सेन्सर आणि व्हॉल्व्हची देखभाल वाचलेल्या विजेपेक्षा महाग पडेल. पर्क्लोरिक आम्लाचे काम असेल तर त्याला धुवून काढता येणारा स्वतंत्र हूड, स्वतंत्र डक्ट आणि स्वतंत्र ब्लोअर. तो सामाईक डक्टला जोडू नये. आणि लॅबमध्ये काच खाली करायची सवय नसेल तर व्हीएव्हीचे पैसे वाया जातात. काम संपताच काच खाली, हे सांगणारा एक माणूस जबाबदारीने नेमा.

आम्हाला बोलावण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा: प्रत्येक हूडच्या उघड्या तोंडाची लांबी-उंची, एका वेळी किती काचा उघड्या असतात याची आठवड्याची नोंद, आत कुठली रसायने वापरता त्यांची यादी, आणि दार बंद व उघडे असतानाची फेस व्हेलॉसिटी. मीटर नसेल तर आमचा माणूस घेऊन येईल, तपासणीचे पैसे घेत नाही.