पगाराची फाइल दोनदा डेबिट झाली: बँकेला मेल काय लिहायचा, सोबत काय जोडायचं

‘फाइल एकदाच टाकली, पैसे दोनदा गेले, कृपया परत करावेत.’ असा मेल बँकेत पडून राहतो आणि चार दिवसांनी ‘तपशील पाठवा’ एवढंच उत्तर येतं. याचं कारण म्हणजे बँकेच्या लेखी ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. एकात खात्यातून रक्कम दोनदा वजा झालेली असते, पण कामगारांना पगार एकदाच मिळालेला असतो. ही बँकेची चूक, ती बँकेनेच उलटवायची. दुसऱ्यात कामगारांच्या खात्यातही पगार दोनदा पडलेला असतो. तिथे बँक त्यांच्या संमतीशिवाय पैसे परत ओढत नाही, फक्त परत मागणीची विनंती पुढे पाठवते.

जालन्याच्या एमआयडीसीतलं एक युनिट धरू. कामगार ३८, फाइल ६,८४,५०० रुपयांची. सात तारखेला खात्यातून ११.४२ ला आणि पुन्हा १२.०९ ला तेवढीच रक्कम गेली. मेल लिहायच्या आधी दोन कामगारांना फोन करा, एक आपल्याच बँकेत खातं असलेला आणि एक दुसऱ्या बँकेतला. मेसेजवर जाऊ नका, पासबुकाची नोंद बघायला सांगा. मग पोर्टलवरून दोन्ही वेळची रिस्पॉन्स फाइल, म्हणजे कोणाच्या खात्यात पैसे गेले ते दाखवणारी यादी, उतरवा. दुसऱ्या डेबिटची अशी फाइलच नसेल, किंवा असून तिच्यात कामगारवार यूटीआर किंवा व्यवहार क्रमांक नसतील, तर प्रकरण बहुधा पहिलं आहे. हा कागद बहुतेकांकडे नसतो, कारण पगार झाला की तो कोणी उतरवून ठेवत नाही. नुसतं स्टेटमेंट जोडलं तर त्यातून एवढंच दिसतं की पैसे गेले. कुठे गेले ते दिसत नाही.

‘पेंडिंग’ दिसलं म्हणून कोणी तीच फाइल नाव बदलून पुन्हा टाकली होती का, हे फाइल टाकणाऱ्या मेकरला आणि ती मंजूर करणाऱ्या चेकरलाही विचारा. काही पोर्टल एकाच नावाची फाइल अडवतात, नाव बदललं की सोडतात. तसं झालं असेल तर मेलमध्ये स्पष्ट लिहा. बँकेच्या नोंदीत कोणत्या लॉगिनने किती वाजता मंजुरी दिली ते असतंच. लपवलं की पुढचा प्रत्येक शब्द संशयाने वाचला जातो.

मेल नोंदणीकृत आयडीवरूनच पाठवा. अकाउंटंटच्या स्वतःच्या आयडीवरून गेलेला मेल सर्वाधिक परत येतो, आणि खरं सांगायचं तर त्यात बँकेची चूक नाही. लेटरहेडवर अधिकृत सहीदाराची सही आणि शिक्का घेऊन पत्र स्कॅन करा आणि जोडा. मालक गावाला गेलेत हे कारण काउंटरवर चालत नाही.

मजकूर एवढा पुरतो:

‘आमच्या चालू खात्यातून दि. ७ रोजी ३८ कामगारांच्या पगाराची ६,८४,५०० रुपयांची रक्कम ११.४२ व १२.०९ वाजता अशी दोनदा वजा झाली आहे. दोन्ही नोंदींचे संदर्भ क्रमांक खाली दिले आहेत. दुसऱ्या डेबिटपोटी कोणत्याही कामगारास रक्कम मिळालेली नाही. तरी दुसरे डेबिट मूळ मूल्य दिनांकासह उलटवावे आणि तक्रार क्रमांक कळवावा.’

‘मूळ मूल्य दिनांकासह’ हे शब्द गाळू नका. सीसी म्हणजे कॅश क्रेडिट खातं असेल तर मधल्या दिवसांचं व्याज लागतं, आणि रक्कम नुसती आजच्या तारखेला जमा झाली तर ते व्याज तुमच्याच माथी राहतं. त्या काळात शिल्लक कमी पडून एखादा चेक परत गेला असेल तर त्याचा आकारही याच मेलमध्ये मागा.

प्रकरण दुसरं असेल तर ‘कोणत्याही कामगारास रक्कम मिळालेली नाही’ हे वाक्य काढा, कामगारवार यादी जोडा आणि रक्कम तपासून मागा. वरच्या उदाहरणात एका कामगाराचं खातं बंद असल्याने त्याचे १७,००० दोन्ही वेळा परत आले, तर दुसऱ्या फेरीचे बाहेर राहिलेले पैसे ६,६७,५००. पूर्ण ६,८४,५०० मागितले की आकडा जुळत नाही म्हणून अर्ज परत. कामगारांकडून लेखी संमती घेऊन ठेवा. पुढच्या पगारातून जादा रक्कम समायोजित करता येते, पण एरवी एकूण कपात पगाराच्या निम्म्यावर जाऊ नये. म्हणजे पूर्ण पगार एका महिन्यात वळता होत नाही, आणि पीएफची कपातही त्याच निम्म्यात मोजली जाते.

मुदतीचा घोळही नेहमीचा. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याआधी बँकेला ३० दिवस द्यावे लागतात, पण ते लेखी तक्रारीपासून मोजले जातात. शाखेत जाऊन मॅनेजर साहेबांच्या कानावर घातलं, तो दिवस धरला जात नाही. तक्रार क्रमांक आला नाही तर त्याच मेलवर उत्तर देत राहा. नवीन मेल टाकला तर तो नव्या माणसाकडे जातो आणि पुन्हा ‘तपशील पाठवा’पासून सुरुवात होते.