हिरवं शेत कागदावर उतरताना

गेल्या श्रावणात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या देवळात भजन स्पर्धा होती आणि पत्रकाचं काम माझ्याकडे आलं. ए५ आकार, दोन हजार प्रती. समोर देवळाचा दीपस्तंभ आणि त्यामागे पावसात न्हालेलं भाताचं शेत, मागच्या बाजूला प्रवेश अर्ज. स्क्रीनवर ते शेत नुसतं पेटलेलं दिसत होतं. छापखान्यात पहिलं प्रूफ हातात आलं तेव्हा मात्र त्या शेताचं शेवाळ झालेलं होतं.

चूक मशीनची नव्हती. स्क्रीन लाल, हिरवा आणि निळा प्रकाश डोळ्यांत सोडते. कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो. वरून पडलेल्या उजेडातला काही भाग शाई शोषून घेते आणि उरलेला आपल्याला दिसतो. ऑफसेटमध्ये शाया चारच: सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. हिरवा तयार होतो सायन आणि पिवळ्यातून, आणि मोबाइलवरचा तो झगझगीत हिरवा या दोघींच्या आवाक्यातच नसतो. फाइल स्क्रीनच्या तीन रंगांतून म्हणजे आरजीबीतून या चार शायांत म्हणजे सीएमवायकेत नेली की सॉफ्टवेअर त्यातल्या त्यात जवळचा रंग निवडतं.

पण तो निवडलेला रंग आपल्याला सुधारता येतो. कोवळ्या भाताच्या भागात मॅजेंटा किती आलाय ते मी तपासलं. हिरव्याला सगळ्यात जास्त मारते ती हीच शाई, कारण ती नेमका हिरवा प्रकाशच शोषते. उजळ भागातला मॅजेंटा जवळजवळ काढून टाकला, सावलीत थोडा ठेवला, आणि शेत पुन्हा शेतासारखं दिसू लागलं. म्हणून फोटोवरचं काम सीएमवायकेत नेल्यावर एकदा डोळ्यांखालून घालावंच.

काळ्या अक्षरांची गोष्ट वेगळी. आरजीबीतला शुद्ध काळा फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगने बदलला तर सायन 75, मॅजेंटा 68, पिवळा 67 आणि काळा 90 टक्के असा होतो, म्हणजे एकाच जागी 300 टक्के शाई. प्रत्येक शाईची छापायची प्लेट वेगळी असते, आणि या चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी शिरोरेषेला गुलाबी-निळी किनार येते आणि बारीक अनुस्वार भरून जातो. पावसाळ्यात तर दमट हवेने कागद फुगतो, प्लेटा जुळवणं कठीण होतं आणि शाईही लवकर सुकत नाही. त्यामुळे मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवायचा: काळा 100, बाकी तिन्ही शून्य.

आता कागद. मी चकचकीत 130 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 130 ग्रॅम वजनाचा, आर्ट पेपर धरून बसलो होतो. छापखान्यातल्या काकांनी पत्रक उलटं करून विचारलं, "मागं अर्ज भरायचाय ना? मग यावर पेन चालायचं नाही." खरंच होतं. आम्ही 100 जीएसएम मॅपलिथो घेतला. पण या कागदाला वरचा लेप नसतो. तो शाई पितो, ज्या बारीक ठिपक्यांनी फोटो छापला जातो तो प्रत्येक ठिपका पसरतो, आणि निम्मी जागा शाईची असलेला भाग सत्तर टक्के भरल्यासारखा दिसू शकतो. फोटो काळवंडतो. त्यामुळे रंगांचं रूपांतर मला लेप नसलेल्या कागदाच्या प्रोफाइलने पुन्हा करावं लागलं आणि मधल्या छटा उजळाव्या लागल्या. माझ्या मते छापखान्याला पहिला प्रश्न कागदाचाच विचारावा. रंग त्यावरून ठरतात.

दीपस्तंभाचा फोटो समितीतल्या एकाने व्हॉट्सॲपवर पाठवला होता, लांब बाजू 1600 पिक्सेल. पानभर लावायचा तर ती बाजू 216 मिलिमीटर, म्हणजे साडेआठ इंच. 1600 भागिले 8.5, इंचाला 188 पिक्सेल. हवे असतात साधारण 300. आकाशाला एवढे चालून गेले असते, पण स्तंभाचे कोनाडे आणि कडा विरघळल्या असत्या. सॉफ्टवेअरमध्ये आकडा 300 लिहिल्याने नवा तपशील येत नाही. त्यांच्याकडून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवला. तो 4000 पिक्सेलचा निघाला आणि हिशोब 470 वर गेला.

216 हा आकडा ब्लीडमुळे, म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर ठेवलेल्या जादा छपाईमुळे आला. ए५ असतं 148 बाय 210. चारही बाजूंना 3 मिलिमीटर जादा धरलं की 154 बाय 216. ही जागा रिकामी सोडायची नसते, फोटो तिथपर्यंत खरोखर पसरलेला हवा. आणि मजकूर कापण्याच्या रेषेपासून किमान 5 मिलिमीटर आत. कटिंगचं मशीन शेकडो कागदांची थप्पी एका दाबात कापतं, आणि पात्याखाली थप्पी थोडी सरकतेच. आमच्या एका गठ्ठ्यात ती जवळजवळ मिलिमीटरभर सरकली होती. उजवीकडचं शेत तेवढं कमी झालं, पण काठाला पांढरी रेघ कुठेच नव्हती.