तुळईच्या समीकरणातील चार स्थिरांक आणि टोकांच्या अटी

भाराखाली तुळई किती झुकते, हे सांगणारे चौथ्या कोटीचे विकलक समीकरण आज पहिल्याच पानावर तयार रूपात मिळते. त्यामुळे ते तुकड्यातुकड्याने जुळत गेले, हे सहसा लक्षात येत नाही. गॅलिलिओने 1638 साली भिंतीत रोवलेल्या तुळईचा विचार केला, पण त्याचा प्रश्न ती कधी मोडेल एवढाच होता. मोडण्याआधी ती कोणता आकार घेते, हा प्रश्न त्याने घेतला नाही. आकाराकडे प्रथम जेकब बर्नोली वळला. कोणत्याही छेदापाशी तुळईची वक्रता तिथल्या बेंडिंग मोमेंटच्या प्रमाणात असते, हे त्याने 1694 साली मांडले आणि पुढचे सारे गणित याच विधानावर उभे राहिले. 1744 साली ऑयलरने, डॅनियल बर्नोलीच्या सूचनेवरून, ते विधान चलनकलनाच्या साहाय्याने पुन्हा सिद्ध केले.

विक्षेप लहान असेल तर वक्रता म्हणजे विक्षेपाचे दुसरे विकलज होय. मोमेंटचे विकलन केले की शिअर फोर्स मिळतो आणि त्याचे विकलन केले की लांबीच्या दर एककावरील भार मिळतो. म्हणून विक्षेप आणि भार यांच्यामध्ये चार विकलने येतात. खाली झुकणे धन मानल्यास एकसमान छेदाच्या तुळईसाठी

`EI y'''' = w`

असे समीकरण होते; इथे y म्हणजे विक्षेप, w म्हणजे लांबीच्या दर एककावरील भार आणि EI म्हणजे तुळईचा वाकण्याला होणारा विरोध. चौथ्या कोटीचे हे रूप डॅनियल बर्नोली आणि ऑयलर यांच्या हाती आधी आले ते कंप पावणाऱ्या पट्ट्यांच्या अभ्यासात, जिथे w च्या जागी जडत्वाचे बल असते. ऑयलरला मात्र EI हा गुणाकार सुटा करून सांगता आला नव्हता. त्याच्यासाठी तो प्रयोगाने ठरवायचा एक अखंड गुणांक होता. उदासीन अक्ष छेदाच्या मध्यकेंद्रातून जातो हे नाविएने 1826 सालच्या आपल्या व्याख्यानांच्या ग्रंथात नीट मांडले (1819 सालच्या व्याख्यानांत त्याने स्वतःच अक्षाची जागा चुकीची धरली होती), आणि त्यानंतर E पदार्थाचा व I छेदाचा, अशी विभागणी पक्की झाली.

नाविएचे याहून मोठे काम मला वेगळेच वाटते. एक टोक भिंतीत घट्ट बसवलेले आणि दुसरे नुसते टेकवलेले असेल, तर आधारांवरील बले केवळ समतोलाच्या नियमांनी निघत नाहीत, कारण अज्ञात राशी समीकरणांपेक्षा एकाने जास्त असते. उरलेली अट तुळईच्या आकारातूनच घ्यावी लागते, हे त्याने दाखवले. चार वेळा संकलन केल्यावर चार स्थिरांक उरतात आणि प्रत्येक टोक दोन अटी देते: घट्ट टोकाशी विक्षेप आणि उतार दोन्ही शून्य, तर साध्या आधारापाशी विक्षेप आणि मोमेंट शून्य, म्हणजे `y = 0` आणि `y'' = 0`.

x घट्ट टोकापासून मोजला, तुळईची लांबी L धरली आणि w सर्वत्र समान असला, तर चारही अटी घालून

`y = w(2x⁴ − 5Lx³ + 3L²x²) / 48EI`

हे उत्तर येते. x = L ठेवले की कंसातील सहगुणकांची बेरीज 2 − 5 + 3, म्हणजे शून्य होते; दुसऱ्या विकलजात 24 − 30 + 6 हेही शून्य होते. ही पडताळणी सोडू नये, कारण चूक बहुधा साध्या टोकाशी मोमेंटऐवजी उतार शून्य धरल्याने होते आणि ती इथे लगेच उघडी पडते.

6 मीटर लांबीची पोलादी तुळई, मीटरमागे 20 किलोन्यूटन भार आणि EI = 17,200 kN·m² असे धरू. दोन्ही टोके नुसती टेकवलेली असतील तर मध्यभागी सुमारे 19.6 मिमी विक्षेप येतो, दोन्ही घट्ट असतील तर 3.9 मिमी, एक घट्ट आणि एक टेकवलेले असेल तर सर्वाधिक विक्षेप सुमारे 8.1 मिमी येतो, आणि तोही मध्यावर नव्हे, तर घट्ट टोकापासून साधारण 3.47 मीटरवर. साधा आधार 45 किलोन्यूटन उचलतो, घट्ट टोक 75, आणि घट्ट टोकाशी 90 kN·m मोमेंट निर्माण होतो.

आता साधा आधार 10 मिमी खचला असे समजा. त्याच्या वाट्याचे बल `3EIδ/L³` एवढे, म्हणजे सुमारे 2.4 किलोन्यूटनने घटते, आणि भिंतीकडचा मोमेंट 90 वरून सुमारे 104 kN·m वर जातो. दोन्ही टोके टेकवलेली असती तर इतक्या खचण्याने मोमेंटमध्ये काहीच फरक पडला नसता. घट्ट टोकामुळे विक्षेप कमी होतो खरा, पण तुळई आधारांच्या हालचालीला संवेदनशील होते.

शिवाय प्रत्यक्षात कोणतेच टोक पूर्ण घट्ट नसते. भिंत किंवा खांबही थोडा वळतो. म्हणून `y'(0) = 0` ऐवजी `EI y''(0) = k y'(0)` अशी अट घालतात, जिथे k म्हणजे जोडाचा वळण्याला होणारा विरोध. k शून्य असेल तर हाच साधा आधार होतो, k अमर्याद वाढला तर घट्ट टोक होते, आणि खऱ्या जोडाचे उत्तर या दोहोंच्या दरम्यान कुठेतरी पडते.