वॉक-इनला जाण्याआधी : फाईल, बूट आणि व्हर्नियर

चाकण, भोसरी, तळवड्यातल्या कंपनीच्या गेटवर वॉक-इनचा बोर्ड लागला की आमच्या दुकानात झेरॉक्सला रांग लागते. रांगेत बहुतेक आयटीआयची मुलं-मुली असतात, फिटर, टर्नर, मशिनिस्ट. त्यांच्या फायली रोज आमच्या काउंटरवर उघडतात, आणि काम कुठे अडतं हे आम्हाला तिथेच दिसतं. म्हणून हा कागद.

आधी नाव जुळवा

दहावीचं मार्कशीट, आयटीआयचं प्रमाणपत्र, आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक हे पाच कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येकावरचं इंग्रजी नाव एकेक अक्षर करून वाचा. मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, एवढ्याने सहसा काही बिघडत नाही. घोळ होतो तो स्पेलिंगचा. मागे एका मुलाचं 'गायकवाड' मार्कशीटवर 'आय'ने होतं, आधारवर 'वाय'ने. निवड झाली, पण पीएफचा यूएएन नंबर आधारवरच्या नावाने निघतो आणि कंपनीने नाव मार्कशीटवरून भरलं होतं. जॉइनिंग लांबलं आणि तो महिनाभर घरी बसला.

असा फरक दिसला तर मार्कशीट दाखवून आधार केंद्रावर दुरुस्ती करून घ्या. मात्र आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा फॉर्म भरताना घाई नको. दुरुस्ती व्हायला वेळ लागतो, म्हणून हे काम वॉक-इनची वाट न बघता आजच करा.

मोबाइलवर आलेल्या ई-आधारची पीडीएफ उघडत नाही म्हणून रोज कोणी ना कोणी येतं. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष.

ओरिजिनल दाखवायचं, द्यायचं नाही

फाईलमध्ये दोन कप्पे करा. एकात ओरिजिनल, दुसऱ्यात झेरॉक्सचे दोन संच, एक पानी बायोडाटा आणि चार पासपोर्ट फोटो. गेटवर सिक्युरिटीला आधार दाखवावं लागतं, ते वरच ठेवा. तिथे अख्खी फाईल उपसत बसलात की मागची रांग कुरकुरते. प्रत्येक झेरॉक्सवर सही करा आणि आडवं लिहा, 'फक्त मुलाखतीसाठी', खाली तारीख. लेबर कॉन्ट्रॅक्टरचा माणूस 'ओरिजिनल ठेवून जा, उद्या देतो' म्हणाला तर सरळ नाही म्हणा. मार्कशीट त्याच्याकडे अडकलं की दुसरी नोकरी धरता येत नाही. फॉर्मचे किंवा गणवेशाचे पैसे आधी मागणाऱ्यापासूनही लांबच राहा.

कपडे

टाय नको. इस्त्रीचा साधा शर्ट खोचलेला, पूर्ण पँट आणि बंद बूट. चप्पल असेल तर शॉप फ्लोअरवर सोडत नाहीत, आणि ट्रायल तिथेच असते. मनगटातलं कडं, गंडादोरा, अंगठी गेटबाहेरच काढून खिशात टाका. फिरत्या चकमध्ये दोरा अडकला तर हातही ओढला जातो. सुपरवायझरची नजर आधी तिथेच जाते. कडं घालून लेथपाशी उभा राहिलेला मुलगा कामाला नवखा आहे हे त्यांना न विचारता कळतं. ओढणी असेल तर घट्ट बांधा, केस वर घ्या.

हातात व्हर्नियर आलं की

मशीन शॉपच्या वॉक-इनला बऱ्याचदा टेबलावर एक जॉब आणि व्हर्नियर कॅलिपर ठेवलेला असतो. 'माप सांगा' म्हणतात. इथे मुलं आकडा सांगायची घाई करतात. आधी जबडे कापडाने पुसा, मिटवा आणि शून्याला शून्य जुळतं का ते बघा. साहेब हेच बघत असतात. मग जॉब धरून मुख्य पट्टी वाचा. समजा व्हर्नियरचा शून्य २४ च्या थोडा पुढे आहे आणि व्हर्नियरची तेरावी रेघ वरच्या रेघेशी जुळते. लीस्ट काउंट ०.०२ असेल तर १३ गुणिले ०.०२ म्हणजे ०.२६, आणि माप २४.२६ मिलिमीटर. एककासकट सांगा. वाचता आलं नाही तर 'सर, परत एकदा बघतो' म्हणा. ठोकून दिलेला आकडा ते लगेच स्वतः मोजून पाहतात.

आमचं शटर सकाळी सातला उघडतं. गुरुवारी इथे लाइटचा भरवसा नसतो, तेव्हा शुक्रवारचं वॉक-इन असेल तर बुधवारीच झेरॉक्स काढून ठेवा.