सीए-१२५ चा आकडा वाढला की नुसतं मशीन बदललं?

हल्ली बायकांच्या फुल बॉडी चेकअप पॅकेजमध्ये सीए-१२५ ही रक्ततपासणी सर्रास टाकलेली असते, आणि रिपोर्टवर ३५ च्या वर आकडा दिसला की घरातल्या सगळ्यांची झोप उडते. टेस्ट अंडाशयाच्या म्हणजे ओव्हरीच्या कॅन्सरशी संबंधित आहे हे खरंच, पण धडधाकट बाईत कॅन्सर हुडकायला ती फार कच्ची आहे, तिचा खरा उपयोग कॅन्सरचं निदान आधीच झालंय अशा पेशंटची ट्रीटमेंट कशी चाललीय ते बघायला होतो.

कारण सीए-१२५ हे प्रोटीन नॉर्मल शरीरातही बनतं. पोटाच्या आतलं अस्तर, गर्भाशय, फुप्फुसाभोवतीचं आवरण, यातलं काहीही डिवचलं गेलं की ते वाढतं, मग ती पाळी असो, प्रेग्नन्सी असो, एंडोमेट्रिओसिस असो की सिरोसिसमुळे पोटात झालेलं पाणी. आपल्याकडे तर पोटाचा टीबी हे मोठंच कारण आहे: पोटात पाणी, वजन उतरलेलं, सीए-१२५ काहीशेच्या घरात, सगळे कॅन्सरच धरून चालतात आणि बायोप्सीत टीबी निघतो, जो औषधांनी बरा होतो. उलट बाजूही आहे, स्टेज १ चा कॅन्सर असलेल्या जवळपास निम्म्या बायकांत आकडा नॉर्मलच येतो.

आता जरा हिशेब करू. समजा पन्नाशीपुढच्या १ लाख बायकांची टेस्ट केली आणि त्यातल्या ४० जणींना खरंच हा कॅन्सर आहे. टेस्टने त्यातल्या ३० पकडल्या आणि निरोगी बायकांत ती फक्त १ टक्का चुकली, म्हणजे टेस्ट चांगलीच म्हणायची, तरी तो १ टक्का म्हणजे जवळजवळ १००० बायका होतात! पॉझिटिव्ह आलेल्या ३४ जणींमागे एकीलाच कॅन्सर. आणि ओव्हरीच्या गाठीत सुई घालून बघणं डॉक्टर शक्यतो टाळतात, कारण कॅन्सर असलाच तर तो पोटात पसरायची भीती, म्हणून शंका फिटेपर्यंत बऱ्याचदा ऑपरेशनच करावं लागतं. ब्रिटनमध्ये २ लाखांवर बायकांना घेऊन याचा प्रचंड मोठा अभ्यास झाला, यूकेसीटॉक्स नावाचा, दरवर्षी सीए-१२५ करून आकडा कसा चढतोय तेही बघितलं, काही कॅन्सर लवकर सापडलेही, पण २०२१ साली आलेल्या शेवटच्या निकालात या कॅन्सरने होणारे मृत्यू काही कमी झालेले दिसले नाहीत. मला वाटतं एवढं कळल्यावर ही टेस्ट चेकअप पॅकेजमध्ये ठेवणं योग्य नाही.

निदान झालेल्या पेशंटचं गणित मात्र वेगळं. तिथे तुलना बाकीच्या जगाशी नसते, तिच्याच मागच्या आकड्याशी असते. समजा एका काकूंचा आकडा ऑपरेशनआधी ८४०, केमो चालू असताना ९६, केमो संपल्यावर १२. इतका उतरला म्हणजे औषध लागू पडतंय. पुढे दर तीन महिन्यांनी १२, १३, १२ असं चालू होतं, मग काकू मुलीकडे राहायला गेल्या, तिथल्या लॅबमध्ये टेस्ट केली आणि आला २७. रिपोर्टवर "नॉर्मल", कारण ३५ च्या आत, पण आधीच्या दुपटीहून जास्त! कॅन्सर परत आला का?

इथे मशीन आडवं येतं. या टेस्टमध्ये एक अँटिबॉडी सीए-१२५ ला पकडून ठेवते आणि दुसरी, चमकणारी, त्याला येऊन चिकटते, जेवढी चमक तेवढा आकडा. पण सीए-१२५ हे अवाढव्य, साखरेच्या साखळ्यांनी लगडलेलं प्रोटीन आहे, प्रत्येक कंपनीच्या अँटिबॉडीज त्याला आपापल्या पद्धतीने धरतात, आणि सगळ्यांनी ज्यावर मशीन जुळवून घ्यावं असा आंतरराष्ट्रीय नमुनाच सीए-१२५ साठी नाहीये. त्यामुळे युनिट तेच, रक्त तेच, तरी दोन मशीनवर आकडे बऱ्यापैकी वेगळे येऊ शकतात. एकाच नावाच्या लॅबच्या दोन शहरांतल्या शाखांतही मशीन वेगळं असू शकतं, म्हणून लॅबचं नाव बघून भागत नाही, रिपोर्टवर मेथड आणि मशीन काय लिहिलंय ते बघायचं, नसेल लिहिलं तर फोन करून विचारायचं.

काकूंच्या बाबतीत खात्री करायचा सरळ मार्ग म्हणजे एकाच वेळी काढलेलं रक्त जुन्या आणि नव्या दोन्ही मशीनवर चालवणं. जुन्यावर १३ आणि नव्यावर २६ आला तर वाढ मशीनची, मग इथून पुढे २६ हीच नवी सुरुवात धरायची आणि त्याच मशीनवर राहायचं. जुन्यावरही २५ आला तर मात्र वाढ खरी, काही आठवड्यांत परत टेस्ट, गरज पडली तर स्कॅन.

याच्या उलटंही होतं आणि ते मला जास्त धोक्याचं वाटतं: आकडा खरोखर वाढलेला असतो, पण नवं मशीन मुळातच कमी दाखवणारं, त्यामुळे रिपोर्टवर १३ चा १३ च दिसतो आणि कोणाला शंकाच येत नाही. म्हणून लॅब बदलली असेल तर आकडा छान आलेला असला तरी डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.