स्लाइड-लेक्चर व्हिडिओ

पॉवरपॉइंट किंवा तसल्याच सॉफ्टवेअरमध्ये स्लाइड बनवून, त्यांच्यावर स्वतःच्या आवाजात शिकवून जो व्हिडिओ तयार होतो त्याला स्लाइड-लेक्चर व्हिडिओ म्हणतात. कॅमेरा लागत नाही, लॅपटॉप आणि साधा हेडफोनचा माइक असला तरी काम होतं. पण वर्गात प्रोजेक्टरवर चालणारी स्लाइड जशीच्या तशी रेकॉर्ड केली की सहसा फसते, कारण कॉलेजची बरीच मुलं हा व्हिडिओ मोबाइलवर बघतात आणि तेही पुष्कळदा फोन उभा धरून.

अक्षर किती मोठं हवं याचा हिशोब करता येतो. पॉवरपॉइंटची नेहमीची आडवी स्लाइड साडेसात इंच उंच असते म्हणजे 540 पॉइंट. उभ्या धरलेल्या फोनची रुंदी साधारण साडेसहा सेंटीमीटर धरली तर त्यावर व्हिडिओची उंची उरते जेमतेम 3.7 सेंटीमीटर, मग 18 पॉइंटचं अक्षर तिथे सव्वा मिलिमीटरच्या आसपास येतं आणि 32 पॉइंटचं सव्वादोन मिलिमीटर. पुस्तकातला 12 पॉइंटचा मजकूर चार मिलिमीटरच्या थोडा वर असतो, म्हणजे 32 सुद्धा काही फार मोठं नाहीये. त्यात नेट स्लो असलं की व्हिडिओ 360p वर उतरतो, तेव्हा 18 पॉइंटच्या अक्षराला उंचीत फक्त 12 पिक्सेल मिळतात आणि देवनागरीत पहिला घात होतो तो रफार, अनुस्वार आणि उकारांचा. म्हणून मराठी मजकूर 32 च्या खाली नेऊ नये आणि दोन ओळींत अंतर जरा सढळ ठेवावं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. तपासायचं कसं, तर एक स्लाइड रेकॉर्ड करून फोनवर टाकायची, 360p लावायचं, फोन उभा धरायचा आणि वाचून बघायचं.

आता एफवायबीकॉमचा घसारा घ्या. मशीन 1,00,000 रुपयांचं, दर 10 टक्के, घटत्या शिल्लकेची पद्धत, जिला कॉलेजात सगळे डब्ल्यूडीव्ही म्हणतात. वर्गातल्या स्लाइडवर व्याख्या, सूत्र, तीन वर्षांचा तक्ता आणि शेजारी सरळ रेषा पद्धतीची तुलना असं सगळं एकत्र असतं, आणि सर पहिल्या वर्षावर बोलत असतात तेव्हा मुलं तिसऱ्या वर्षाचा आकडा वाचत असतात. व्हिडिओत तक्ता एकटाच ठेवायचा, रिकामा, आणि एकेक ओळ क्लिकवर आणायची. पहिल्या वर्षी घसारा 10,000, शिल्लक 90,000. इथे थांबायचं. मुलांची हमखास चूक हीच असते की दुसऱ्या वर्षीही ती 1,00,000 वर 10 टक्के काढतात, म्हणून हा 90,000 रंगवायचा आणि त्याच रंगात दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला आणायचा, मग विचारायचं की आता घसारा किती, आणि तीन-चार सेकंद खरंच गप्प बसायचं. मग 9,000 आणि 81,000 दाखवायचे. तिसरी ओळ मुलांना व्हिडिओ थांबवून करायला सांगायची, उत्तर 8,100 आणि 72,900. तुलना पुढच्या स्लाइडवर. बोलताना स्लाइडवरची वाक्यं तशीच वाचून दाखवू नयेत, वाचणं आणि ऐकणं एकाच वेळी चालू झालं की दोन्ही अर्धवट होतं, त्यामुळे स्लाइडवर आकडे आणि मोजके शब्द, बाकीचं कारण आवाजात.

पॉवरपॉइंटमध्ये Record केलं की आवाज स्लाइडगणिक वेगळा साठतो आणि क्लिकच्या वेळाही सोबत नोंदल्या जातात, त्यामुळे चुकलं तर तेवढी एकच स्लाइड परत रेकॉर्ड करता येते, ही याची सगळ्यात मोठी सोय आहे. मात्र एक स्लाइड जाऊन दुसरी येत असताना आवाज रेकॉर्ड होत नाही. वाक्य बोलता बोलता पुढे गेलात तर मधले शब्द गायब होतात, म्हणून प्रत्येक स्लाइडच्या सुरुवातीला आणि शेवटी सेकंदभर शांतता सोडायची.

लांबीबद्दल 2014 साली गुओ, किम आणि रुबिन यांचा एडेक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या साइटवरच्या चार कोर्सेसचा अभ्यास आला होता, त्यात व्हिडिओ बघण्याची सुमारे 69 लाख सत्रं तपासली होती. व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या वर जात नव्हता. याचा अर्थ विषय सहा मिनिटांत कोंबायचा असा बरेच जण घेतात आणि मग बोलण्याची गाडी इतकी पळवतात की आकडे हातातून निसटतात. तसं न करता तुकडे पाडावेत. डब्ल्यूडीव्हीचा तक्ता एक व्हिडिओ, तुलना दुसरा, वर्षाच्या मध्ये मशीन विकलं तर काय हा तिसरा. यूट्यूबवर टाकला असेल तर स्टुडिओमधला रिटेन्शनचा ग्राफ, म्हणजे व्हिडिओच्या कुठल्या क्षणाला किती जण बघत होते ते दाखवणारी रेषा, बघावा, मध्येच उंचवटा दिसला तर बरेचदा मुलं तिथे मागे जाऊन परत बघतायत असा त्याचा अर्थ. घसाऱ्याच्या व्हिडिओत तो उंचवटा दुसऱ्या ओळीवर आला तर 90,000 खाली आणण्याची पायरी घाईत गेलीय, तेवढी स्लाइड सावकाश परत रेकॉर्ड करायची.